आजीला लग्नाच्या फोटोत आणायचं: कोणता पर्याय घ्यावा?

मालवणच्या एका जोडप्याला फोटोग्राफरने दोन पर्याय दिलेत. नवऱ्याची आजी हयात नाही, तिचा एकच पासपोर्ट फोटो आहे, आणि कुटुंबाच्या फोटोत ती हवी आहे.

पहिला पर्याय ९,००० रुपयांचा: लग्नादिवशी खास फ्रेम, आजीची खुर्ची रिकामी, दोन दुरुस्त्या. दुसरा ४,००० चा: काढलेल्याच फोटोत आजी बसवायची, एक दुरुस्ती.

खरा फरक उजेडात आहे. पासपोर्ट फोटोत उजेड समोरून, सौम्य असतो. पडवीच्या सावलीत फ्रेम घेतली तर तो जुळतो. संध्याकाळी किनाऱ्यावर ऊन पश्चिमेकडून आडवं येतं, सगळ्यांची एक बाजू उजळते आणि आजीचा चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. दुरुस्तीने ते सुटत नाही.

मर्यादा दोन्हींत सारखीच आणि प्रस्तावात स्पष्ट लिहिली आहे: जागा, आकार, रंग बदलतील, हावभाव नाही. तो फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला तरी छपाईत चेहरा साधारण दोन इंचांपर्यंतच नीट राहील. म्हणून मूळ प्रतच द्या, व्हॉट्सॲपवरची नको.

भिंतीवर मोठी फ्रेम लावायची असेल तर मी पहिलाच घेईन. अल्बमच्या एका पानापुरतं हवं असेल आणि सावलीतला एखादा फोटो निघणार असेल, तर दुसरा पुरतो.