डिझेल मोजणारा जीपीएस म्हणून ७३,२०० रुपये घेतले

सांगली मार्केट यार्डातून तासगाव, विटा, जतपर्यंत किराणा पोचवणाऱ्या माझ्या सहा छोटा हत्ती आहेत. जीपीएसवाल्याने गाडीमागे ९,८०० आणि वर्षाचे २,४००, असे एकूण ७३,२०० रुपये घेतले. कोटेशनवर 'डिझेल मॉनिटरिंग' असं स्वच्छ लिहिलं होतं.

पहिल्याच रिपोर्टात सगळं समोर होतं, ते आठवलं की अजून डोकं तापतं. ९६ किलोमीटरला ६ लिटर, ११२ ला ७ लिटर. गाडी भरलेली असो की रिकामी, सहाही गाड्यांना रोज सोळाचंच ॲव्हरेज! खऱ्या गाडीचं असं कधी येतं का? पण पक्कं बिल हातात आहे, स्क्रीनवर डिझेलचा काटा हलतोय, मग कोण शंका घेणार? टाकीत सेन्सर घातलाच नव्हता. सेटिंगमध्ये १६ आकडा टाकून ठेवलेला, किलोमीटरला त्याने भागायचं आणि लिटर दाखवायचे. पंपाच्या पावत्या त्याहून जास्त लिटरच्या निघायच्या, म्हणून मी ड्रायव्हरांना जाब विचारला. एक जुना, इमानी माणूस चोरीचा आळ सहन न होऊन काम सोडून गेला. त्याची भरपाई कोण देणार?

डिव्हाइस बसवणाऱ्यासमोर टाकीत मोजून पाच लिटर ओता. ग्राफ थोड्या वेळात वर चढला नाही, तर पैसे देऊ नका.

आयडलिंगच्या रकान्यात कायम शून्य. यार्डात हमालांची वाट बघत इंजिन चालू ठेवून गाड्या उभ्या असतात, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड खोलला. बॅटरीच्या दोन वायरी जोडलेल्या, इग्निशनची वायर टेप गुंडाळून तशीच सोडलेली. ती नसेल तर इंजिन चालू आहे हे डिव्हाइसला कळणार कसं? गाडी थांबली की ते 'पार्क' लिहून मोकळं. इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं गाडी उभी करा आणि रिपोर्ट मागा. उशिरा पोचलेल्या गाड्याही त्यात वेळेवर दिसायच्या, कारण प्रत्येक दुकानाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ आखलं होतं. गाडी चौकात चहाला थांबली तरी 'पोचली'.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, 'मशीन मिळालं ना? नकाशात गाडी दिसते ना? मग फसवणूक कसली, दिवाणी दावा लावा.' कोटेशन पुढे केलं, ते वाचलंसुद्धा नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर दुसरेच साहेब, परत पहिल्यापासून सांगा. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तिथे टिकणं अवघड. म्हणजे सहा गाड्यांवर घरं चालवणाऱ्याने जायचं कुठे? लेखी अर्ज दिला, त्याची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली.

कोटेशनवर 'टाकीतला सेन्सर' आणि 'इग्निशन वायर' हे शब्द लिहून घ्या. तो माणूस हेच कोटेशन घेऊन अजून कुपवाड एमआयडीसीत फिरतोय.