गॉगल, मास्क, स्कार्फ: फोटोतल्या माणसाला नाव द्यायला प्रोग्रॅम बरा की ओळखीची माणसं?

नाशिकला सायकलवाल्यांचे ग्रुप काही कमी नाहीत, आणि प्रत्येक ग्रुपात फोटो सांभाळायचं काम कुणा एकाच्या गळ्यात पडलेलं असतं. आमच्याकडे ते माझ्या गळ्यात आहे. वर्षभराच्या राइड्सचे फोटो नावानिशी लावायचे तर सध्या दोन रस्ते आहेत. एक म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा, चेहरे जुळवून गठ्ठे करणारा प्रोग्रॅम. दुसरा म्हणजे ग्रुपातल्या जुन्या लोकांना फोटो दाखवून विचारणं. दोन्ही मी वापरले आहेत. उघड्या चेहऱ्यांसाठी कुठलाही घ्या, फारसा फरक पडत नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्यात गॉगल, रस्त्याचं काम चालू असलं की मास्क आणि थंडीत नाकापर्यंत ओढलेला बफ किंवा स्कार्फ. सगळा घोळ तिथेच होतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

आधी झाकणाऱ्या वस्तूंबद्दल थोडं. बहुतेक प्रोग्रॅम चेहरा सापडला की त्यावर पाच खुणा शोधतात: दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे. त्या खुणांवरून चेहरा सरळ करून एका ठरावीक चौकटीत बसवतात, आणि मग त्याचं आकड्यांच्या एका लांब यादीत रूपांतर करतात. तुलना होते ती या याद्यांची. गॉगल आला की पाचातल्या दोन खुणा अंदाजाने ठेवाव्या लागतात, मास्क आला की तीन. चौकटीत चेहरा जरा तिरका बसला तरी पुढची यादी बदलते. म्हणजे झाकलेला भाग गेला तो गेलाच, वर उरलेल्या भागाचं मोजमापही थोडं हलतं.

मास्कचे आकडे त्यातल्या त्यात नीट मोजलेले आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेने जुलै २०२० मध्ये कोविडच्या आधी बनलेले प्रोग्रॅम तपासले. मास्क नसताना चांगल्या प्रोग्रॅमला तोच माणूस ओळखता न येण्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आसपास होतं. फोटोवर मास्क चढवल्यावर सर्वोत्तम प्रोग्रॅमचं तेच प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं, आणि एरवी चांगले म्हणवणारे काही प्रोग्रॅम २० ते ५० टक्के वेळा चुकले. मास्क नाकावर जितका वर, तितकी चूक जास्त. पुढच्या काही महिन्यांत आलेल्या प्रोग्रॅमनी बरीच सुधारणा दाखवली, हेही खरं. मात्र ही तुलना सरळ समोरून काढलेल्या, बऱ्या प्रकाशातल्या फोटोंची होती. आमचे फोटो चालत्या सायकलवरचे, बाजूने काढलेले आणि हेल्मेटची सावली पडलेले असतात.

गॉगल आणि स्कार्फची जोडी संशोधकांना फार आधीपासून माहीत आहे. १९९८ मध्ये बार्सिलोनात जमवलेल्या एका प्रसिद्ध फोटोसंग्रहात प्रत्येक माणसाचे गॉगल घातलेले आणि तोंडावर स्कार्फ बांधलेले फोटो मुद्दाम काढले होते. त्यातल्या शंभर माणसांवर २००९ मध्ये वापरलेल्या एका गाजलेल्या पद्धतीला गॉगलवाले ८७ टक्के वेळा बरोबर ओळखता आले, स्कार्फवाले मात्र ६० टक्क्यांच्याही आत. कारण साधं आहे, स्कार्फ जास्त जागा झाकतो. मग त्याच मंडळींनी चेहऱ्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र मत दिलं, आणि दोन्ही आकडे नव्वदीच्या पुढे नेले. हे वाचून हुरळून जाऊ नका. त्या चाचणीत समोरचा माणूस त्या शंभरातलाच आहे हे आधीच ठरलेलं होतं. रस्त्यावरच्या फोटोत तशी हमी कुणी देत नाही.

आणि आपल्याकडचा स्कार्फ म्हणजे निव्वळ हनुवटीवरचं कापड नव्हे. कॉलेज रोडवर दुपारी स्कूटीवर दिसतो तो कपाळापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला असतो: केस, कान, जबड्याची रेघ, सगळं आत. वर गॉगल चढला की प्रोग्रॅमकडे कापडाच्या घड्यांशिवाय काही उरत नाही. असा चेहरा प्रोग्रॅमला सापडलाच नाही तर उत्तम, फोटो बिननावाचा राहतो. सापडला तर त्रास.

तो त्रास असा. आपण समजतो की झाकलेला चेहरा म्हणजे प्रोग्रॅम फार तर ‘ओळखलं नाही’ म्हणेल. एका बाजूचा फोटो उघड्या चेहऱ्याचा आणि दुसऱ्या बाजूचा झाकलेला असेल, तर साधारण तसंच होतं. पण दोन्ही फोटोत तोंड झाकलेलं असेल तर दोन वेगळी माणसं एकच वाटण्याचा धोका वाढतो, कारण मग कापड कापडाशी आणि काच काचेशी जुळते. आमच्या ग्रुपात जर्सी एकच, हेल्मेटही एकाच दुकानातली, आणि काळे रुंद गॉगल तर जवळजवळ सगळ्यांचे. गठ्ठा करताना प्रोग्रॅम नव्या चेहऱ्याची तुलना गठ्ठ्यातल्या प्रत्येक जुन्या चेहऱ्याशी करतो. एखाद्याच्या गठ्ठ्यात त्याचा एक गॉगलवाला फोटो शिरला की त्याच्या आधाराने दुसऱ्याचा गॉगलवाला फोटो आत येतो, त्याच्या आधाराने तिसऱ्याचा. उन्हाळा संपेपर्यंत आमच्या एका दादांच्या नावाखाली अर्धा ग्रुप जमा झाला होता, त्यात दोन ताईही होत्या.

हेही मी निभावून नेलं असतं. गठ्ठा फोडता येतो, जुळणीची मर्यादा कडक करता येते. मला खरोखर खटकलं ते हे की नाव देताना प्रोग्रॅम कारण सांगत नाही. उघड्या चेहऱ्याखाली नाव लिहितो त्याच ठाम अक्षरात गॉगल-बफमधून डोकावणाऱ्या दोन बोटं गालाखालीही लिहितो. किती अंतरावर जुळलं तो आकडा खणून काढता येतो, पण तो कपाळामुळे आला की गॉगलच्या काडीमुळे, हे त्यातून कळत नाही.

एक फोटो सविस्तर सांगतो. डिसेंबरातली त्र्यंबक रोडची राइड, मागे अंजनेरी, सकाळचं तिरकं ऊन. सायकलवाल्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल, राखाडी बफ नाकापर्यंत, हेल्मेट भुवयांपर्यंत. प्रोग्रॅमने नाव दिलं आमच्या डॉक्टरांचं. मी फोटो दोघांना वेगवेगळा पाठवला. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “डॉक्टरच. सायकल त्यांचीच आहे, मागचा लाल मडगार्ड बघ.” दुसऱ्या एका ताई म्हणाल्या, “नाही वाटत. डॉक्टर ढोपरं अशी बाहेर काढून कधी चालवत नाहीत.”

दोन उत्तरं, पण दोघांनी आपलं कारण सांगितलं, आणि कारण तपासता येतं. त्या दिवशी दोन कॅमेरे होते, त्यातल्या एकाचं घड्याळ काही मिनिटं पुढे. दोन्हीत आलेला एकच क्षण धरून आधी वेळ जुळवून घेतली. मग याच्या नंतरचे फोटो क्रमाने पाहत गेलो. या सायकलवाल्याच्या डाव्या बुटाला चकाकणारी पट्टी होती आणि उजव्या हातमोज्याचा अंगठा फाटलेला. चहाच्या थांब्यावरच्या फोटोत तोच बूट, तोच अंगठा, हातात ग्लास, बफ गळ्यात उतरवलेला आणि गॉगल डोक्यावर. डॉक्टर नव्हते ते. धुळ्याहून आलेले त्यांचे मेहुणे डॉक्टरांची सायकल घेऊन आले होते.

यात प्रोग्रॅम चुकला आणि काकाही चुकले. फरक इतकाच की काकांचं उत्तर सायकलवर टेकलेलं आहे हे त्यांनीच सांगितल्यामुळे सायकल बाजूला ठेवून पुढे बघता आलं. मेहुणे प्रोग्रॅमच्या यादीत मुळात नव्हतेच, त्यामुळे त्यांचं बरोबर नाव त्याला कधीच देता आलं नसतं. चेहरा झाकलेला असला की यादीतलं सगळ्यात जवळचं नाव पुरेसं जवळ वाटायला लागतं.

माणसांची तरफदारी करतो आहे, पण त्यांच्याही मर्यादा सांगायला हव्यात. अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत माणूस फारसा भरवशाचा नाही. ग्लासगोच्या चेहरे जुळवण्याच्या एका प्रमाणित चाचणीत, काहीही झाकलेलं नसताना, सर्वसाधारण लोक पाचात एकदा चुकतात. मास्कने ओळखीच्या चेहऱ्यांतही गफलत वाढते, हे २०२० मध्ये स्टर्लिंगच्या संशोधकांनी दाखवलं. आणि ‘मी चालीवरून ओळखतो’ हा आपला आवडता दावा जरा बेतानेच घ्यावा. १९९९ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्याच शिक्षकांचं अंधुक सीसीटीव्ही चित्रण दाखवलं. अंग किंवा चाल लपवली तरी त्यांना ओळखायला फारशी अडचण आली नाही, चेहरा झाकला तेव्हा मात्र मोठी घसरण झाली. म्हणजे त्या ताईंचं ढोपराचं निरीक्षण हा पुढे शोधायला मिळालेला धागा होता, तेवढाच. नाव पक्कं केलं ते चहाच्या थांब्यावरच्या उघड्या चेहऱ्याने.

तेव्हा माझा कल सांगायचा तर, चाळीस-पन्नास जणांचा, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारा ग्रुप असेल आणि फोटोत झाकलेले चेहरे बरेच असतील, तर मी ओळखीच्या माणसांकडे झुकतो. वेळ जातो, संध्याकाळ मोडते, पण नावामागचं कारण हाती येतं. मॅरेथॉनसारख्या हजारो अनोळखी लोकांच्या कार्यक्रमाला हे लागू नाही. तिथे छातीवरचा नंबर वाचणं चेहऱ्यापेक्षा सरळ पडतं.

प्रोग्रॅमच घ्यायचा ठरवला तर नमुना म्हणून प्रत्येकाचे फक्त उघड्या चेहऱ्याचे, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो द्या, तेही त्यांना विचारून. गॉगलवाला एकही फोटो नमुन्यात जाऊ देऊ नका. आपोआप नाव लावणं बंद ठेवा, म्हणजे तो फक्त सुचवेल. आणि माणसांना विचारायचं ठरवलं तर फोटो ग्रुपवर टाकून ‘हे कोण?’ असं विचारू नका. पहिल्याने एक नाव लिहिलं की खालचे सगळे त्यालाच अंगठा दाखवतात. दोघा-तिघांना वेगळा फोटो पाठवा, प्रोग्रॅमने सुचवलेलं नाव त्यांना सांगू नका, आणि ‘कशावरून ओळखलं?’ हे नावाच्या आधी विचारा.