गटारावरची झाकणं: तयार आणावीत की जागेवर ओतावीत?

प्रीकास्टच्या यार्डात गेलं की कंपाउंडचे पॅनल, सेप्टिकच्या रिंगा आणि गटाराची झाकणं एकाच रांगेत मांडलेली दिसतात. पॅनल आणि रिंगांचा निर्णय मला फारसा अवघड वाटत नाही. जमीन दोन्ही बाजूंना सारख्या पातळीवर असेल तर पॅनल खुशाल घ्यावेत. एका बाजूला मातीचा भराव असेल तर घेऊ नयेत. दीड-दोन इंचांचं पॅनल खांबाच्या खाचेत नुसतं अडकलेलं असतं, मातीचा रेटा सोसणं त्याचं काम नाही. रिंगा शोषखड्ड्याला उत्तम. सेप्टिक टाकीसाठी मात्र मी वापरत नाही, कारण प्रत्येक सांधा ही गळतीची जागा असते, आणि गोराई-मनोरीसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की ते बाहेरून आत शिरतं.

खरी घालमेल होते ती सोसायटीच्या आतल्या गटारावर काय टाकायचं, यात. हे काम लहान कंत्राटदाराकडे हमखास येतं आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे.

एक नेहमीचं काम धरू. इमारतीच्या बाजूने गेलेलं ६० फूट गटार, आतून दीड फूट रुंद, वरून रहिवाशांच्या गाड्या जाणार. तयार झाकण दोन्ही कडांवर चार-चार इंच टेकायला हवं, म्हणजे त्याची लांबी झाली दोन फूट दोन इंच. रुंदी पावणेअठरा इंच ठेवली की मध्ये थोडी फट सुटून ४० झाकणं बरोबर बसतात. जाडी चार इंच. असं एक झाकण साधारण पाऊणशे किलोचं भरतं, दोन माणसं हुक लावून उचलू शकतात. रुंदी दोन फूट केली तर नग कमी लागतात हे खरं, पण वजन शंभर किलोच्या वर जातं आणि मग ते पुन्हा कुणी उघडत नाही.

जागेवर ओतण्याच्या बाजूने पहिला मुद्दा असा, की जुनी गटारं सरळ नसतात. कुठे सतरा इंच, कुठे एकवीस, मध्येच एखाद्या पाइपामुळे बाक आलेला. तयार झाकण अशा जागी एका बाजूला जेमतेम दोन इंच टेकतं आणि गाडीचं चाक आलं की कोपरा उडतो. ओतलेला स्लॅब वाकड्या गटारालाही जुळवून घेतो. तो वाजत नाही, फटीतून वास येत नाही, उंदीर वर येत नाहीत.

त्याच्या अडचणीही आहेत. या कामाला जेमतेम सव्वा घनमीटर काँक्रीट लागतं. एवढ्याशा मालासाठी आरएमसीची गाडी परवडत नाही, म्हणून माल जागेवरच कालवावा लागतो आणि त्याचा दर्जा मुकादमाच्या नजरेवर राहतो. शिवाय निदान आठवडाभर गोणपाट ओलं ठेवायचं आणि तोवर गाड्या बाहेर लावायच्या. सेक्रेटरी दोन दिवस धीर धरतात, तिसऱ्या दिवशी फोन सुरू होतात.

तरीही हे सगळं निभावून नेता येतं. माझा कल फिरला तो वेगळ्याच त्रासामुळे, आणि तो म्हणजे स्लॅबखालचं शटरिंग. दीड फूट रुंद, दोन फूट खोल गटारात वासे उभे करून वर प्लाय टाकायचा, त्यावर सळई आणि काँक्रीट. आठवड्याने ते बाहेर कसं काढायचं? माणूस आत शिरू शकत नाही. चेंबरमधून हात जाईल तेवढं निघतं, बाकीचं आतच राहतं. मालाडच्या एका सोसायटीत ऐन जुलैत पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचत होतं, म्हणून मला बोलावलं. चेंबर उघडला तर गटाराच्या तोंडाशी फुगून सुटलेला प्लाय, त्याला अडकलेले आडवे वासे, आणि त्यावर पिशव्या, पाला, थर्माकोल यांचा घट्ट बोळा. बांबू घातला तर चार फुटांवर अडायचा. शेवटी भर पावसात ब्रेकर लावून चांगला धडधाकट स्लॅब तीन ठिकाणी फोडावा लागला. काँक्रीटमध्ये काही खोट नव्हती. गटार उघडायची सोयच कुणी ठेवली नव्हती. बाहेरचा नाला महापालिका साफ करते, पण आवारातलं गटार दरवर्षी मे महिन्यात सोसायटीलाच उघडावं लागतं, आणि मुंबईत हे टाळून चालत नाही.

तयार झाकणांचे दोष मी लपवणार नाही. चाक गेलं की ती खडखडतात, रात्री तळमजल्यावरच्या माणसाची झोप जाते. यावर उपाय आहे. कडेवर एकास तीन मालाची पातळ बैठक करायची, ती ओली असतानाच वर प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि त्यावर झाकण दाबून बसवायचं. माल झाकणाच्या तळाचा आकार घेतो, पण कागदामुळे चिकटत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी झाकण उचलता येतं. वाकड्या गटाराच्या कडा आधी माल लावून एका रेषेत घ्याव्या लागतात, तो खर्च अंदाजात धरलेला बरा.

दुसरा दोष कमी लोकांच्या लक्षात येतो. सळई झाकणाच्या तळाशी असते, कारण वजन आलं की ताण तिथेच येतो. सफाईवाल्यांनी झाकण परत ठेवताना उलटं ठेवलं तर सळई वर जाते आणि पहिल्याच मोठ्या गाडीखाली ते मधोमध तडकतं. म्हणून फर्म्यातच वरच्या बाजूला बाण कोरून घ्या आणि उचलायच्या कड्या त्याच बाजूच्या खळग्यात ठेवायला सांगा.

माल उतरवून घेताना झाकण उभं करून तळ पाहावा. गंजाच्या तांबूस रेघा किंवा डोकावणारी सळई दिसली तर काँक्रीटचं आवरण कमी पडलंय, आणि आपल्या खाऱ्या हवेत ते फार टिकणार नाही. तळाला सळईखाली निदान एक इंच काँक्रीट हवं. खिळ्याने ओरखडा सहज उमटला तर माल कच्चा आहे, तो परत पाठवावा. ओतल्याची तारीख कोरलेली असेल तर आणखी बरं, २८ दिवस झालेले असले की निर्धास्त बसवता येतं.

फाटकाजवळचा तुकडा मात्र मी वेगळा धरतो. तिथून पाण्याचा टँकर आत येतो, वेळ आली तर अग्निशमनाची गाडीही यायला हवी. चार इंची साधं झाकण त्या चाकाखाली टिकेल असं मला वाटत नाही. मॅनहोलच्या प्रीकास्ट झाकणांना आयएस १२५९२ प्रमाणे एलडी २.५, एमडी १०, एचडी २० अशा श्रेणी असतात, आकडा टनांचा. टँकरच्या वाटेवर एचडी २० ची झाकणं चौकटीसह घ्यावीत. नाहीतर तेवढेच आठ-दहा फूट जाड सळईने जागेवर ओतावेत, पण दोन्ही टोकांना चेंबर ठेवून, आणि शटरिंगचा शेवटचा वासा बाहेर आलेला स्वतः पाहून मगच मुकादमाचा हिशोब करावा.

उरलेल्या पन्नासेक फुटांसाठी, गटार अगदीच वेडंवाकडं नसेल तर, मी तयार झाकणंच आणीन. ऑर्डर देताना दोन-तीन नग जास्त सांगावेत. टेम्पोतून उतरवताना एखाद्याचा कोपरा जातोच, आणि एकट्या झाकणासाठी भिवंडीहून किंवा वसईहून पुन्हा टेम्पो मागवायचा तर भाडंच त्या झाकणाहून महाग पडतं.