हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात आणि साडेतेरा हजारांचा फटका

रत्नागिरी शहराबाहेरच्या एका वाडीतलं हे कुटुंब आहे. त्यांच्या सांगण्यावरून नाव देत नाही. विसर्जनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून त्यांचा कुत्रा पडवीतून पळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर टाकला. तो साधारण असा होता:

"हरवला आहे! आमचा लाडका टायगर, वय ३ वर्षे, तपकिरी रंग, गळ्यात लाल पट्टा, उजव्या कानाला चीर, पोटाखाली पांढरा चट्टा. आणून देणाऱ्यास २०,००० रुपये बक्षीस." खाली घरमालकांचं पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि दोन मोबाईल नंबर, एक त्यांचा आणि एक सुनेचा.

संध्याकाळपर्यंत तो मजकूर चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या गटांत फिरत होता. तिसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला फोन आला. "काका, टायगर तुमचाच ना? मी ट्रकवाला. हातखंब्याच्या तिठ्यावर गाडीने उडवलेला दिसला, म्हणून उचलून घेतला. आता कोल्हापुरात आहोत. लाल पट्टा आहे, पोटाखाली पांढरं आहे, कान फाटलाय. बरोबर ना?" काकांनी "हो, हो, तोच" म्हटलं. फसवणूक तिथेच पूर्ण झाली होती, पैसे जाणं तेवढं बाकी होतं.

पुढचा क्रम असा. आधी एक फोटो आला: टेबलावर आडवा पडलेला तपकिरी कुत्रा, मागच्या पायाला पट्टी, तोंड चौकटीबाहेर आणि पोट झाकलेलं. मग दवाखान्यात भरायचे ४,५०० रुपये, क्यूआर कोडवर. "डॉक्टर पैसे आल्याशिवाय ऑपरेशनला घेत नाहीत, लवकर करा." तासाभरात गाडीभाड्याचे ६,००० मागितले. ते गेल्यावर निरोप आला की गाडी आंबा घाटात आहे, रेंज जाईल, फोन लागला नाही तर घाबरू नका. सर्वांत शेवटी, "डॉक्टरांनी ३,००० जास्त घेतलेत, परत पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका." पिन टाकला आणि खात्यातून आणखी ३,००० गेले. एकूण १३,५००. सुनेच्या नंबरावर वेगळाच माणूस बोलत होता: "खरे मालक तुम्हीच आहात याची खात्री करायचीय, सहा आकडी कोड येईल तो सांगा." तिने सांगितला आणि तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हातात गेलं. मग तिच्या माहेरच्या नातेवाइकांना तिच्या नावाने उसने पैसे मागणारे निरोप जाऊ लागले.

कुत्रा कोल्हापूरला गेलाच नव्हता. शेजारच्या वाडीतल्या काजूच्या बागेत तो राखणदाराच्या खोपटाजवळ बसून होता. राखणदाराकडे साधा फोन आहे, तो व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

अशा वेळी माणसाला पटतं ते समोरच्याला सगळ्या खुणा माहीत असल्यामुळे. पण त्या खुणा त्याने कुत्र्यावर पाहिलेल्या नसतात, जाहिरातीत वाचलेल्या असतात. म्हणून मजकूर लिहिण्याआधी खुणांची वाटणी करावी लागते. एक खूण जगाला द्यायची, लांबून दिसणारी. एक पूर्णपणे राखून ठेवायची, जी फक्त कुत्रा हातात धरलेल्या माणसालाच दिसेल.

लांबून दिसणारी खूण रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षावाल्याला ओळखता आली पाहिजे. नुसता "तपकिरी देशी कुत्रा" म्हटलं तर कोकणातल्या प्रत्येक नाक्यावर दोन सापडतील. शेपटीचं वळण, उभा किंवा पडलेला कान, छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्याचा आकार, उंची गुडघ्याइतकी की त्याहून कमी, चालताना लंगडतो का, हे लिहा. कानाच्या चिरेवर फार भर देऊ नका. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला ओळखीसाठी खाच पाडतात, त्यामुळे तसे कान पुष्कळ दिसतात. पट्ट्याचंही तेच. पळताना कुंपणात अडकून पट्टा निघून जातो, आणि मग "लाल पट्टा नाही म्हणजे हा तो नव्हे" असं समजून खरा पाहणारा फोन करत नाही.

राखून ठेवायची खूण पोटाकडची, तोंडातली किंवा पंजाची असावी: जिभेवरचा काळा डाग, तुटलेला सुळा, एकाच पायाचं पांढरं नख, मांडीच्या आतल्या बाजूची जुनी जखम. निवडण्याआधी घरातल्या सगळ्यांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर टाकलेले जुने फोटो पाहून घ्या. जांभई देणाऱ्या कुत्र्याचा फोटो मुलीने कधी टाकला असेल तर जिभेवरचा डाग आता गुप्त राहिलेला नाही. तो फोटो आता काढून टाकला तरी कोणीतरी आधीच जपून ठेवला असू शकतो, त्यामुळे दुसरी खूण शोधणंच बरं. कुत्र्याला मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांकही राखीव ठेवा. चिप ठिकाण सांगत नाही, ती फक्त जवळ धरलेल्या यंत्रावर आकडा दाखवते. म्हणून "चिपवरून लोकेशन काढून देतो, एवढे पैसे भरा" म्हणणारा खोटं बोलतोय हे लगेच ओळखा.

त्याच कुटुंबाची जाहिरात अशी हवी होती:

"कुत्रा हरवला आहे. देशी, नर, गडद तपकिरी, गुडघ्याइतका उंच. डावा कान उभा, उजवा अर्धा पडलेला. छातीवर पांढरा उभा पट्टा, शेपटी वर वळलेली. विसर्जनाच्या रात्री साडेदहाला कुवारबावच्या रेल्वे फाटकाकडे पळताना दिसला. घाबरलेला आहे, पाठलाग करू नका, हाक मारू नका. दिसल्यास ठिकाण आणि वेळ कळवा. फक्त फोन: (दुसऱ्या सिमचा नंबर). खात्री पटण्याआधी कोणालाही पैसे दिले जाणार नाहीत."

यात कुत्र्याचं नाव नाही. घाबरलेला कुत्रा अनोळखी माणसाच्या तोंडून नाव ऐकून थांबत नाही, पण फोनवरच्या भामट्याला तेच नाव आपुलकी दाखवायला उपयोगी पडतं. मालकाचं नाव आणि पत्ताही नाही. वाडी, फाटक, नाका, जेटी अशी शेवटची जागा पुरे होते. फोटो दोनच द्यावेत, एक पूर्ण बाजूने आणि एक चेहऱ्याचा. फोटोमागे घर, गाडीचा नंबर किंवा शाळेचा गणवेश घातलेलं मूल येऊ देऊ नका. बक्षिसाचा आकडाही टाळा. आकडा मोठा दिसला की भामट्यांना कळतं की हे घर घाईत आहे आणि पैसे देऊ शकतं. खऱ्या राखणदाराला नंतर हातात दिलेलं बक्षीस आनंदाने स्वीकारता येतं.

नंबराबद्दल जास्त सांगायला हवं. बँक आणि यूपीआयला जोडलेला नंबर जाहिरातीत देऊ नका. कोणीही तो नंबर आपल्या पैशांच्या अ‍ॅपमध्ये टाकला तर खातेदाराचं नाव समोर येतं, आणि मग "अमुक काका का?" अशी ओळखीची सुरुवात करता येते. वेगळं सिम घ्या, ते जुन्या बटणांच्या फोनमध्ये घाला, त्यावर कोणतंही खातं किंवा व्हॉट्सअ‍ॅप काढू नका. तेवढं जमत नसेल तर ओळखीच्या पशुवैद्यांना विचारून त्यांच्या दवाखान्याचा नंबर द्यावा. घरातल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. ती असली तर सहा आकडी कोड चुकून सांगितला तरी अकाउंट लगेच हातचं जात नाही. कोड मागणारा मात्र कुत्र्यासाठी मागतच नसतो. कुत्र्याची ओळख पटवायला तुमच्या फोनवर कोड येण्याचं काही कारण नाही. पैसे मिळवण्यासाठी स्वतःचा पिन टाकावा लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आजच सांगून ठेवा.

फोन आला तर तुम्ही कमी बोलायचं. "लाल पट्टा होता ना?" हा प्रश्न उत्तरासकट समोरच्याला देऊन टाकतो. त्याऐवजी विचारा: कुठे दिसला, किती वाजता, आता काय करतोय, डावा मागचा पाय कसा दिसतोय? शेवटच्या प्रश्नात आपली राखीव खूण लपलेली असते. पांढऱ्या नखाबद्दल तो आपणहून बोलला तर पुढे जा. नाही बोलला, तर "नखं बघून सांगता का?" एवढंच म्हणा, रंग सांगू नका. कुत्रा आपल्याकडे आहे असं म्हणणाऱ्याला थेट व्हिडिओ कॉल करायला सांगा. जुना किंवा सजवलेला फोटो चालत नाही. कॉलवर पंजा उचलून दाखवायला सांगता येतं. बॅटरी नाही, रेंज नाही, डॉक्टर आत येऊ देत नाहीत, अशी कारणं आली तर दवाखान्याचं नाव विचारा आणि त्यांचा नंबर त्याच्याकडून न घेता स्वतः शोधून तिथे फोन करा.

पण इथे एक चूक होते. व्हिडिओ कॉल न करू शकणारा प्रत्येक जण खोटा नसतो. सड्यावरचा गुराखी किंवा बागेतला राखणदार फक्त एवढंच सांगेल की, "एक कुत्रा इथे कालपासून आहे, कोणाचा माहीत नाही." तो पैसे मागत नाही, घाई करत नाही, आणि नेमकी जागा सांगतो. तिथे दोघांनी दिवसाउजेडी जावं, रिकाम्या खिशाने आणि कुत्र्याच्या आवडीचं खाणं घेऊन. त्याच्यापर्यंत पोहोचायला व्हॉट्सअ‍ॅप अपुरं आहे. रिक्षा स्टँड, दूध डेअरी, मच्छी मार्केट आणि एसटी थांब्यावर मोठ्या अक्षरांतला कागद लावा, पावसाळा असल्यास लॅमिनेट करून. छापील कागद गावाबाहेर फारसा जात नाही, म्हणून त्यावरून येणारे बहुतेक फोन जवळचे असतात. कागद कुठे पाहिला, एवढं विचारलं तरी खूप कळतं.

पैसे गेलेच असतील तर पुढचा फोन त्या माणसाला करू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर करा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. जितकं लवकर सांगाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात थोपवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि फोटो, नंबर, क्यूआर कोड पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅप गेलं असल्यास आपल्या सिमने पुन्हा नोंदणी करा, त्याने भामट्याचा फोन बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात दोन टप्प्यांचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, तोवर नातेवाइकांना साध्या फोनने कळवा.

आणि कुत्रा घरी आला की त्याच सगळ्या गटांत "सापडला, कृपया पुढे पाठवू नका" असा मजकूर त्याच फोटोवर टाका, भिंतीवरचे कागद काढा, ते सिम मात्र आणखी महिनाभर चालू ठेवा. जुने फॉरवर्ड फिरत राहतात, आणि "तुमचा कुत्रा मिळालाय" सांगणारे फोन कुत्रा पडवीत झोपलेला असतानाही येतात. त्यांचे नंबर लिहून तक्रारीला जोडा.