P0131 आला की आधी सेन्सर बदलायचा की सायलेन्सरची गळती शोधायची?

चेक इंजिन लाईट लागली, स्कॅनरवर P0131 दिसला, आणि आता तुम्ही दोन खर्चांच्या मध्ये उभे आहात. एक, पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलायचा. दोन, मॅनिफोल्डपासून त्या सेन्सरपर्यंत कुठे हवा शिरते का ते शोधायचं. माझ्या दहा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकवर मी दोन्ही केलंय, तेही चुकीच्या क्रमाने.

या कोडचा अर्थ एवढाच की सेन्सरचं व्होल्टेज बराच वेळ खालीच राहिलं. सेन्सर खराब आहे, असं तो म्हणत नाही. नावात सेन्सर आहे म्हणून बिल सेन्सरवर फाटतं. सेन्सरच्या आधी कुठे बारीक फट असेल, तर एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी दाब पडतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो बिचारा खरं तेच सांगतो. ईसीयू मात्र मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं समजून आणखी पेट्रोल सोडतो. सेन्सर मेला असला तरी शेवट हाच. त्यामुळे मायलेज पडलं किंवा प्लग काळे झाले, यावरून निवड करू नका. ती लक्षणं दोन्हीकडे सारखीच असतात.

मला निर्णयापर्यंत आणलं ते एका चिडचिडीने. सकाळी गाडी थंड असताना बॉनेटखालून टक-टक-टक असा बारीक आवाज यायचा. चार-पाच मिनिटांत बंद. गॅरेजपर्यंत वीस मिनिटांचा रस्ता, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम आणि आवाज गायब. मेकॅनिक कान लावून ऐकायचा, मान हलवायचा आणि ‘साहेब, सेन्सर’ म्हणायचा. तिसऱ्या खेपेला मी हो म्हटलं. साडेचार हजार गेले आणि चौथ्या दिवशी लाईट परत. धातू गरम होऊन प्रसरण पावला की फट मिटते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. शेवटी गाडी रात्रभर त्याच्याकडेच ठेवली आणि सकाळी त्याच्यासमोर स्टार्ट केली. मग त्यालाही ऐकू आलं.

तोवर मी फोनवरच्या ॲपमध्ये आकडे बघायला लागलो होतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा, आयडलला +१८ टक्के, आणि २५०० आरपीएमला धरून ठेवलं की +५ पर्यंत खाली. आयडलला एक्झॉस्ट कमी, म्हणून शिरलेली हवा जास्त जाणवते. वेग वाढला की तिचा वाटा कमी होतो. नुसता मेलेला सेन्सर असा वेगाप्रमाणे वागेल असं मला वाटत नाही. इनटेकची गळती मात्र असंच चित्र दाखवू शकते, म्हणून इनटेकच्या जोडांवर थोडा कार्ब क्लीनर मारून आयडल हलतं का ते आधी बघा. तेही गरम एक्झॉस्टपासून लांब आणि जपून.

सेन्सर जिवंत आहे का, हे बघायला एक सोपी खूण आहे. गाडी गरम असताना ॲक्सिलरेटरला एक झटका द्या. मिश्रणात क्षणभर पेट्रोल जास्त होतं आणि चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज ०.८ व्होल्टच्या वर उडी मारतं. काढलेला जुना सेन्सर परत लावून बघितला, तर तो छान उडी मारत होता. त्याच्याबद्दल मला थोडं वाईटच वाटलं.

सेन्सरची बाजू अगदीच लंगडी नाही. कोड P0135 असेल, म्हणजे हीटर सर्किटचा, तर गळतीशी त्याचा काही संबंध नाही. फ्यूज आणि वायर बघा, मल्टीमीटरने हीटर तपासा आणि तुटलेला निघाला तर सरळ सेन्सर बदला. झटका देऊनही व्होल्टेज तळाशीच पडून राहिलं, तर वायरिंग बघून तेच करा.

बाकी वेळी मी तरी गळतीकडे झुकेन. गाडी थंड असताना शॉप व्हॅकच्या ब्लोअरची नळी सायलेन्सरच्या टोकात फडक्याने बसवायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. माझ्याकडे बुडबुडे मॅनिफोल्डच्या कोपऱ्यावर आले. तिथला एक स्टड तुटलेला होता आणि गॅस्केटवर काजळीची काळी रेघ होती. गॅस्केट तीनशेचं, पण तुटलेला स्टड काढायला अर्धा दिवस गेला. मजुरीत सेन्सरएवढे नाही, पण बऱ्यापैकी पैसे गेले. आठवड्याभरात ट्रिम +२ वर आला आणि लाईट परत लागली नाही.

नवा सेन्सर दुकानदाराने परत घेतला नाही. आता तो गाडीत आहे, आणि जुना वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत पडलाय.