कॅल्क्युलेटरशिवाय गणितं: आठवड्याचं रुटीन पाच महिने पाळल्यावर

साधारण पाच महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. ॲप्टिट्यूडच्या पेपरात मला गणित येत नाही असं कधीच नव्हतं, रीत कळायची, पण आकडेमोडीत वेळ जायचा आणि वर उत्तर चुकायचं. म्हणून रोज २५ मिनिटांचं रुटीन बसवलं. सोमवार-मंगळवार दोन अंकी गुणाकार, बुधवारी शेकडेवारीचे अपूर्णांक, गुरुवारी लांबलचक बेरजा-वजाबाक्या, शुक्रवारी सुट्टी, शनिवारी घड्याळ लावून डेटा इंटरप्रिटेशनचा एक सेट आणि रविवारी फक्त चुकांची वही.

पहिला महिना खरं सांगायचं तर फुकट गेला. २५ च्या वरचे पाढे पाठ करत बसलो, आणि त्यांचा पेपरात क्वचितच उपयोग झाला. त्यापेक्षा बुधवारचं काम दहापट कामाला आलं. ३७.५% म्हणजे ३/८ हे डोक्यात पक्कं असेल तर २८६४ चे ३७.५% काढायला गुणाकार लागतच नाही, ८ ने भागलं की ३५८, त्याची तिप्पट १०७४, संपलं. आणि ३८% विचारले तर त्यात अर्धा टक्का, म्हणजे १४ आणि थोडं, मिळवायचं, १०८८ च्या आसपास. पर्याय लांब लांब असतील तर एवढं पुरतं, जवळजवळ असतील तर मात्र नीट करावंच लागतं.

पण खरी गंमत रविवारच्या वहीत सापडली. मला वाटायचं माझा हातचा चुकतो. दोन महिन्यांच्या चुका काढून बघितल्या तर निम्म्याहून जास्त चुका अंक उलटे लिहिल्याच्या होत्या! आपण मराठीत मोजतो ना, तिथेच घोळ आहे. 'अठ्ठेचाळीस' म्हणताना आठ आधी येतो आणि चाळीस नंतर, त्यामुळे घाईत मनातल्या मनात बोललेलं ४८ कागदावर ८४ होऊन उतरतं. वर एकोणपन्नास आणि एकोणसाठ आहेतच, त्यात तर ऐकू येणारा आकडाच पुढचा, लिहायचा मागचा.

आता हे पकडायचं कसं? मी पडताळ्याला अंकांची बेरीज करायचो, ९ वाली युक्ती, आणि ती नेमकी इथेच झोपते. उदाहरणार्थ ७६ × ४८. मी ५० पट करून दुप्पट वजा करतो, म्हणजे ३८०० वजा १५२, ३६४८. घाईत लिहिलं ३४६८. अंकांची बेरीज दोन्हीची २१, शेवटचा अंक दोन्हीकडे ८, अंदाज लावला तरी दोन्ही खपून जातात. अंकांची अदलाबदल झाली की फरक कायम ९ च्या पटीतच येतो, त्यामुळे ९ ची युक्ती कितीही वेळा केली तरी 'बरोबर'च म्हणणार.

मग ११ ची लावली. उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा वजा, असं करत जायचं. ७६ चं ६ वजा ७ म्हणजे उणे १, ४८ चं ८ वजा ४ म्हणजे ४, दोघांचा गुणाकार उणे ४, त्यात ११ मिळवले की ७. आता ३६४८ घ्या, ८-४+६-३ = ७, जुळलं. ३४६८ चं ८-६+४-३ = ३, नाही जुळत, चूक लगेच उघडी. सवय झाल्यावर याला चार-पाच सेकंद लागतात, सुरुवातीला माझे वीस जायचे आणि तेव्हा वैताग यायचा. मर्यादा एकच लक्षात ठेवा, शेजारचे अंक उलटले तर पकडते, पण एक सोडून पलीकडचा अंक बदलला (३६४८ चं ४६३८) तर ही पण फसते. माझ्याकडून तशी चूक फारशी होत नाही म्हणून चालून जातं. आणि प्रत्येक गणिताला नाही हं लावायची, उत्तराच्या जवळपास दुसरा पर्याय दिसला तरच.

दुसरा बदल म्हणजे मनातल्या मनात आकडा पूर्ण उच्चारणं बंद केलं. आता 'तीन-सहा-चार-आठ' असं सुटं म्हणतो. पहिले दहा दिवस उलट स्पीड कमी झाला, सोडून द्यावंसं वाटलं होतं.

आकड्यांत सांगायचं तर सोमवारच्या ४० गुणाकारांना सुरुवातीला १४ मिनिटं लागायची आणि ९ चुकायचे, आता साधारण ८ मिनिटांत होतात आणि एखाद-दुसरा चुकतो. गुरुवारचं काम मात्र अजून रखडलंय. तीन वेळा हातचा घ्यावा लागतो तसली वजाबाकी, ५००२ वजा १७६८ टाइप, अजून अडते, तिथे सध्या १७६८ वरून वर चढत जातो, ३२ ने १८००, २०० ने २०००, मग ३००२, एकूण ३२३४. बरोबर येतं पण घड्याळ चालूच असतं, आणि शुक्रवारची सुट्टी त्यासाठी खर्च करावी का हे अजून ठरत नाहीये.