सरसकट कटऑफ की फील्डनिहाय नियम?

खरेदीची बिलं स्कॅन करून त्यातली माहिती काढताना शंकास्पद फील्ड माणसाकडे पाठवायचं कसं? पहिला मार्ग सोपा: ओसीआर म्हणजे चित्रातला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर; त्याचा कॉन्फिडन्स, म्हणजे वाचनाची खात्री, ०.९० च्या कटऑफखाली गेली की फील्ड माणसाच्या तपासणीच्या रांगेत. दुसरा मार्ग म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे.

एक बिल घ्या. करपात्र रक्कम १२,४००, सीजीएसटी ९ टक्के म्हणजे १,११६, एसजीएसटी तितकाच. एकूण १४,६३२ छापलंय, पण पुसट ३ चा ८ झाला आणि ओसीआरने १४,६८२ वाचलं, तेही ०.९८ कॉन्फिडन्सने! कटऑफ हे बिनदिक्कत पुढे सोडतो. बेरजेचा नियम लगेच पकडतो. (राउंड-ऑफसाठी रुपयाभराची सूट ठेवा, नाहीतर निम्मी बिलं अडकतील.) त्याच बिलावर पुरवठादाराच्या नावावर शिक्का उमटलाय, कॉन्फिडन्स ०.७१. कटऑफ माणसाला उगाच कामाला लावतो. जीएसटीआयएन म्हणजे पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक; त्याचं पंधरावं अक्षर तपासणीचंच असतं; ते जुळलं आणि क्रमांक आपल्या यादीत सापडला, तर नाव तिथूनच घेता येतं.

म्हणून माझा कौल नियमांना. पण बिल क्रमांक ताडायला दुसरं काहीच नसतं, तिथे कटऑफच हवा, आणि ०.९० पेक्षा कडकच.

रांगेत पूर्ण बिल टाकू नका. त्या फील्डचं कापलेलं चित्र, वाचलेला मजकूर आणि ‘बेरीज ५० रुपयांनी जुळत नाही’ असं कारण दाखवा. नुसता लाल झेंडा दिसला की तपासणारा दुपारनंतर डोळे झाकून ओके दाबतो.